थर आणि कार्बन-१४: खान्देशातल्या एका टेकाडाचा काळ कसा ठरवायचा

परीक्षेत ‘कालमापनाच्या पद्धती’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरांत दोन सुटे परिच्छेद सापडतात. एकात मातीचे थर, दुसऱ्यात कार्बन-१४. प्रत्यक्ष उत्खननात त्या अशा सुट्या नसतात. प्रयोगशाळा फक्त कोळशाच्या तुकड्याचं वय सांगते. तो तुकडा कोणत्या थरात होता, तिथे कधी आणि कसा आला, हे थर वाचणाऱ्यालाच सांगावं लागतं. ते चुकलं तर कितीही महागडं यंत्र लावा, तारीख बरोबर येते आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून या टिपणात दोन्ही पद्धती एकाच उदाहरणातून घेतल्या आहेत.

उदाहरण म्हणून गिरणेच्या काठावरचं एक टेकाड घेऊ. टेकाड कल्पित आहे आणि त्यातले आकडे सरावासाठी घेतले आहेत, पण थरांचा क्रम खान्देशात खरोखर सापडतो तसा ठेवला आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तिथे तळाशी ताम्रपाषाणयुगातली वस्ती होती, तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांची आणि त्यावर पुढच्या ऐतिहासिक काळातली. चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळला एम. एन. देशपांडे यांनी खोदलं, तिथेही असाच एकावर एक वस्त्यांचा ढीग. आपल्या टेकाडाची प्रेरणा हीच.

आधी छेद साफ करा, मगच वाचा

खड्डा खाली नेल्यावर त्याची जी उभी भिंत राहते ती म्हणजे छेद. कुदळीने खणलेल्या भिंतीवर कुदळीचे फराटे असतात आणि सगळी माती सारखीच दिसते. खुरपी किंवा ट्रॉवेल आडवी धरून भिंत वरून खाली तासत या. खालून सुरुवात केली तर वरची माती साफ केलेल्या भागावर सांडते. मग फवाऱ्याने हलकं पाणी मारा. खान्देशात एप्रिल-मेच्या उन्हात छेद तासाभरात वाळून पांढरट पडतो आणि थरांच्या रेघा नाहीशा होतात, म्हणून हे काम सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना उरका.

आता रंग, पोत आणि आत काय काय मिसळलं आहे ते बघा. चिमूटभर ओली माती बोटांत चोळली की वाळू खरखरते, गाळ पिठासारखा लागतो आणि चिकणमातीची वात वळता येते. रंग ‘तपकिरी’ एवढंच लिहून भागत नाही, कारण तुमचा तपकिरी आणि माझा तपकिरी वेगळा असू शकतो. त्यासाठी मनसेलचा रंगतक्ता असतो, त्यातला क्रमांक वहीत टाका. खुरपीचा आवाजही ऐका. चोपलेल्या जमिनीवर ती टणकन वाजते, भरावाच्या मातीत गप्पकन शिरते.

आपल्या छेदात वरून खाली असं दिसलं. थर १ नांगरटीची माती, तिच्यात काचेचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे. थर २ राखाडी आणि भुसभुशीत, त्यात विटांचे तुकडे, काळी-तांबडी खापरं आणि एक गंजलेला लोखंडी खिळा. थर ३ पिवळसर गाळ, जवळपास खापर नाहीच. थर ४ मध्ये चोपून केलेली जमीन, तिच्यावर राख आणि ताम्रपाषाणयुगातली जोर्वे पद्धतीची, लाल अंगावर काळ्या रंगाने रंगवलेली खापरं. थर ५ तपकिरी चिकण, त्यात जोर्व्याच्या आधीच्या माळवा पद्धतीची खापरं, एक चूल आणि मेढीचे खळगे. त्याखाली थर ६, म्हणजे मूळची काळी जमीन, जिच्यावर पहिली माणसं येऊन राहिली.

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. थरांचे क्रमांक वरून खाली जातात, कारण आपण वरून खणत येतो. वस्तीचे कालखंड मात्र खालून वर मोजतात, कारण माणसं खालून वर राहत आली. म्हणजे आपल्या टेकाडाचा पहिला कालखंड थर ५ आणि ४ मिळून होतो. अहवाल वाचताना ‘थर’ लिहिलंय की ‘कालखंड’, हे आधी पाहा.

कोणी कोणाला कापलं?

खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण माणसं जमिनीवर नुसती राहत नाहीत, ती जमीन उकरतातही. खळगे, पाया, विहिरी, उकिरडे. खान्देशात त्यातलं सर्वांत त्रासदायक प्रकरण म्हणजे धान्याचं पेव.

पेवाचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असतं. समजा थर २ च्या काळातल्या एका घराने पेव खणलं. ते थर ३ आणि ४ कापत थर ५ मध्ये उतरलं. पुढे ते निकामी झालं, आणि त्यात राख, केरकचरा, फुटकी मडकी पडून ते भरलं. आता तुमचा खड्डा अशा ठिकाणी आहे की पेवाचं तोंड शेजारच्या न खणलेल्या बांधात राहिलंय आणि फक्त पोटाचा फुगवटा तुमच्या खड्ड्यात आलाय. तुम्ही थर ४ ची टणक जमीन उचलता, ती अगदी अभंग असते, आणि तिच्याखाली थर ५ खणू लागता. तिथे कोळसा मिळतो. तुम्ही पिशवीवर ‘थर ५, जमिनीखाली सीलबंद’ असं आनंदाने लिहिता. तो कोळसा खरं तर थर २ च्या लोकांचा असतो.

हे ओळखायचं कसं? पेवातली माती भोवतालच्या मातीपेक्षा सैल असते, कधी आत पोकळ्याही राहिलेल्या असतात. तिची कड गोलसर आणि स्पष्ट असते, आणि त्या कडेला खुरपी अडकत नाही, घसरते. संशय आला की तिथे खोल जायचं थांबवा आणि तो भाग आडवा, एकाच पातळीवर तासा. छेदात न दिसणारी गोल कड वरून पाहिल्यावर दिसते. मग पेवाची माती आधी, वेगळ्या क्रमांकाने, वेगळ्या घमेल्यात काढायची आणि नंतरच थर ५ ला हात लावायचा. जे शेवटी घडलं ते आधी काढायचं, हा उत्खननाचा खरा क्रम. सगळ्या खड्ड्यात सरसकट वीस-वीस सेंटिमीटर खाली जाणं म्हणजे थर मिसळण्याची हमी.

खान्देशातल्या काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती आकसते आणि तिला हात-हात खोल भेगा पडतात. वरची खापरं, मणी, कोळशाचे कण त्या भेगांतून खाली जातात, आणि पहिल्या पावसात माती फुगून भेग मिटते. त्यामुळे काळ्या जमिनीत खोलवर एखादंच मणी किंवा खापराचं चिटोरं मिळालं तर त्यावरून वस्ती तितकी जुनी असल्याचं ठरवू नका. उंदीर-घुशींची बिळंही हेच करतात. छेदात ती लंबगोल, वेगळ्या रंगाच्या मातीने भरलेली ठिपकी दिसतात.

थराचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून

थरात जुन्या वस्तू कितीही असोत, थर साचला तो त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूइतका किंवा त्याहून अलीकडचा असतो. आपल्या थर २ मध्ये जोर्वे पद्धतीची दोन-तीन रंगीत खापरं निघाली आणि लोखंडी खिळाही निघाला, तर थर खिळ्याच्या काळाचा, जोर्व्याचा नव्हे.

जुनी खापरं नव्या थरात येतात कुठून? धाब्याची घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटकन कळेल. छतावर घालायला आणि भिंतींना लिंपायला जुन्या पांढरीची माती गाड्या भरून आणली जाते, आणि तिच्याबरोबर शेकडो वर्षांपूर्वीची खापरंही छतावर चढतात. पुढे घर पडलं की ती नव्या ढिगाऱ्यात मिसळतात. दोन हजार वर्षांपूर्वीही लोक माती शेजारच्या टेकाडावरूनच आणत असणार. म्हणून खापरांची नुसती मोजदाद करू नका, त्यांच्या कडा पाहा. जागच्या जागी फुटलेल्या मडक्याचे तुकडे मोठे, धारदार आणि एकमेकांना जुळणारे असतात. मातीबरोबर आलेले तुकडे लहान, झिजलेले आणि एकेकटे असतात.

एवढं झालं की थरांचा आपापसातला क्रम तयार झाला. कोण आधी, कोण नंतर हे कळलं. किती वर्षांपूर्वी, हे अजून कळलेलं नाही.

नमुना कोणता उचलावा

नवखे विद्यार्थी सर्वांत मोठा कोळसा उचलतात. खान्देशात असा कोळसा बहुतेक वेळा मेढीचा किंवा तुळईचा असतो, आणि तोच तारखेच्या दृष्टीने अडचणीचा.

कारण असं की झाडाचा गाभा झाड उभं असतानाच मेलेला असतो. दीडशे वर्षांच्या सागाच्या मधल्या वलयाने दीडशे वर्षांपूर्वी हवेतला कार्बन घेणं थांबवलेलं असतं. कार्बन-१४ चं घड्याळ त्या वलयासाठी तेव्हाच सुरू झालं, झाड तोडलं त्या दिवशी नाही. त्यात चांगलं लाकूड कोणी फेकत नाही. आजही जुना वाडा उतरवला की सागाच्या तुळया नव्या घराला लागतात. म्हणजे लाकडाचं वय घराच्या वयापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी सहज जास्त भरतं.

त्यापेक्षा चुलीतले जळालेले दाणे शोधा. जवाचा किंवा मसुरीचा दाणा एका हंगामात पिकतो आणि वर्षा-दोन वर्षांत खाल्ला जातो. तो जळाला त्या वर्षात आणि त्याच्या घड्याळात फारसा फरक राहत नाही. असे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत. चुलीची माती बादलीतल्या पाण्यात ढवळायची, वर तरंगणारं काळं द्रव्य बारीक चाळणीत धरायचं आणि सावलीत वाळवायचं. पूर्वीच्या पद्धतीत काही ग्रॅम कार्बन लागे, त्यामुळे मोठा कोळसाच घ्यावा लागायचा. आता अॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीत एक मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन पुरतो, म्हणजे एका दाण्यावरही काम होतं. हाडाचा पर्याय पुस्तकात दिलेला असतो, पण आपल्या उष्ण हवामानात हाडातलं कोलॅजन बहुतेक वेळा टिकत नाही, आणि त्याच्याशिवाय हाडाची भरवशाची तारीख मिळत नाही.

उचलताना स्वच्छ चिमटा किंवा खुरपीचं टोक वापरा. अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बांधा आणि मग पिशवीत ठेवा. कापूस आणि कागद आत घालू नका, दोन्ही झाडांपासूनच बनतात आणि त्यांचा कार्बन आजचा असतो. चिठ्ठीसुद्धा बाहेरच्या पिशवीत. जवळ उभं राहून कोणी बिडी ओढत असेल तर त्याला लांब पाठवा. ओला नमुना तसाच बंद केला तर त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीही आजचीच. पिशवीवर जागा, खड्डा, थर, खोली, तारीख आणि कशाच्या संदर्भात मिळाला ते लिहा. ‘चुलीच्या राखेतून, थर ५ च्या जमिनीवर’ हे शब्द खोलीच्या आकड्यापेक्षा मोलाचे आहेत.

प्रयोगशाळेत काय घडतं

वातावरणाच्या वरच्या भागात विश्वकिरणांमुळे सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत मिसळतो, झाडांत जातो, झाडांतून गुराढोरांत आणि माणसांत. त्याचं प्रमाण नगण्य असतं, साध्या कार्बनच्या सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक. जिवंत असेपर्यंत हे प्रमाण हवेइतकं राहतं. जीव गेला की नवा पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ हळूहळू विघटित होत जातो. अर्धा संपायला सुमारे ५७३० वर्षं लागतात. शिकागोत विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ च्या सुमारास ही पद्धत उभी केली आणि १९६० साली लिबींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नमुना आधी आम्ल, मग अल्कली आणि पुन्हा आम्ल यांनी धुतला जातो. आम्लाने मातीतला चुना आणि कंकर जातो, अल्कलीने झिरपलेलं सेंद्रिय द्रव्य जातं, आणि शेवटचं आम्ल अल्कलीच्या वेळी हवेतून शोषलेला कार्बन काढतं. मुळांचे तंतू त्याआधी भिंगाखाली वेचून काढावे लागतात. मग मापन होतं आणि आजच्या प्रमाणित पातळीच्या तुलनेत किती भाग उरला ते कळतं. त्या भागाला F म्हणू. वय काढायचं सूत्र असं:

```
t = -8033 × ln(F)
```

आपल्या चुलीतल्या जवाच्या दाण्यात F 0.6566 आला असं धरू. कॅल्क्युलेटरवर ln(0.6566) काढा, उत्तर -0.4207 येतं. त्याला -8033 ने गुणलं की सुमारे ३३८० वर्षं. यातला ८०३३ हा आकडा लिबींच्या जुन्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यातून आला आहे. ते अर्धायुष्य थोडं कमी आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी जगभरच्या तारखा एकमेकींशी ताडता याव्यात म्हणून तेच कायम ठेवलं आहे. ही चूक पुढच्या पायरीत आपोआप दुरुस्त होते, त्यामुळे स्वतः सुधारायला जाऊ नका.

प्रयोगशाळेचा निकाल ‘३३८० ± ३० बीपी’ असा येतो. बीपी म्हणजे १९५० सालापासून मागे मोजलेली वर्षं. ± ३० चा अर्थ वय ३३५० ते ३४१० च्या आतच आहे असा नाही. तसं असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, म्हणजे तीनातला एक निकाल या पट्ट्याबाहेर पडणारच. ९५ टक्क्यांसाठी पट्टा दुप्पट धरा. आणि हा ± फक्त मोजणीतला आहे. नमुना पेवातला निघाला किंवा लाकूड जुनं असलं, तर त्याची खबर या आकड्याला नसते.

आजचा कार्बन मिसळल्याने किती बिघडतं तेही याच सूत्राने काढता येतं. ३५०० वर्षांच्या कोळशात एक टक्का आजचा कार्बन राहिला तर वय सुमारे ४३ वर्षांनी कमी दिसतं, म्हणजे ताम्रपाषाणयुगासाठी चालून जाईल. पण नमुना २५,००० वर्षांचा असेल तर तोच एक टक्का सुमारे दीड हजार वर्षं खातो. हा आकडा मुद्दाम घेतला. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांना उत्तर पुराश्मयुगाच्या थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यांची कार्बन-१४ तारीख याच सुमाराची आहे. जितकं मागे जाल तितकं नमुना धुण्याचं काम कडक व्हावं लागतं, आणि सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे कार्बन-१४ इतका कमी उरतो की मोजण्यात अर्थ राहत नाही.

बीपीतून १९५० वजा करू नका

३३८० मधून १९५० वजा केले तर इ.स.पू. १४३० येतं. हे उत्तर चूक आहे आणि परीक्षेत सर्वांत जास्त सापडतंही हेच.

सूत्राने असं धरलेलं असतं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखंच होतं. तसं ते नव्हतं. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बदललं की कार्बन-१४ कमी-जास्त तयार होतो. मग कोणत्या वर्षी किती होता हे कळणार कसं? झाडांच्या वलयांतून. प्रत्येक वलयाचं साल मोजून ठरवता येतं आणि त्या वलयातला कार्बन-१४ वेगळा मोजता येतो. अशा हजारो मोजण्यांतून एक वक्र तयार केला आहे. उत्तर गोलार्धासाठी २०२० साली प्रसिद्ध झालेला वक्र IntCal20 या नावाचा. OxCal या प्रोग्रॅममध्ये आपली तारीख आणि ± टाकला की त्या वक्राशी ताडून कॅलेंडरच्या वर्षांचा पट्टा मिळतो.

३३८० ± ३० साठी तो साधारण इ.स.पू. १७५० ते १५५० असा येतो. वजाबाकीच्या उत्तरापेक्षा शंभर ते तीनशे वर्षं मागे. माळवा पद्धतीची खापरं असलेल्या थराला हा काळ शोभतो. हा पट्टा आहे, एक साल नव्हे. मधला आकडा काढून ‘इ.स.पू. १६५०’ लिहिणं म्हणजे मिळालेली माहिती फेकून देणं.

चार तारखा समोर ठेवून

आपल्या टेकाडातून चार नमुने गेले असं धरू. थर ५ च्या चुलीतला दाणा ३३८० ± ३०, तो पाहिलाच. त्याच थरातल्या मेढीचा कोळसा ३५१० ± ३०. थर ४ च्या जमिनीवरच्या राखेतला दाणा ३११० ± ३०. आणि थर ४ च्या जमिनीखालून, ‘थर ५’ म्हणून उचललेला कोळसा २१५० ± ३०.

थर ४ चा दाणा साधारण इ.स.पू. १४४० ते १२८० मध्ये पडतो. जोर्वे खापरांशी जुळतो आणि थर ५ च्या दाण्यापेक्षा नवा आहे, म्हणजे थरांचा क्रम आणि तारखा एकाच दिशेने जातात. ही सर्वांत महत्त्वाची तपासणी. एकट्या तारखेवर कधी विसंबू नका, क्रमाने किमान तीन-चार लागतात.

मेढीचा कोळसा इ.स.पू. १९२० ते १७४० दाखवतो. थर तोच, वय मात्र दाण्यापेक्षा पावणेदोनशेच्या आसपास वर्षांनी जास्त. प्रयोगशाळेने घोळ केला म्हणायचं कारण नाही. हे जुनं लाकूड आहे, गाभ्यातलं किंवा दुसऱ्यांदा वापरलेलं. घर दाण्याच्या काळातलं मानायचं. ही तारीख फेकायचीही नाही. घर या काळाच्या आधीचं नाही एवढं ती सांगतेच.

चौथी तारीख इ.स.पू. चौथ्या ते पहिल्या शतकातली. तीन हजार वर्षांहून जुन्या जमिनीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचा कोळसा. पहिला मोह होतो ‘नमुना दूषित’ असा शेरा मारून मोकळं होण्याचा. पण हिशेब करून पाहा. एवढा फरक पडायला आजचा कार्बन तीसेक टक्के मिसळायला हवा, आणि धुतलेल्या कोळशात इतका राहणं अवघड आहे. मग छेदाच्या चित्राकडे परत जा आणि त्या पिशवीबरोबरची खापरं काढा. तीत काळ्या-तांबड्या भांड्याचे धारदार तुकडे निघाले, तर पेवाचं पोट तुमच्या खड्ड्यात शिरलं होतं. तारीख बरोबर, ती थर २ ची. पाहणी खात्रीची करायची असेल तर शेजारचा बांध उतरवून पेवाचं तोंड शोधा.

थर ३ च्या गाळात खापर नाही, कोळसाही नाही, म्हणून त्याची तारीख घेता आली नाही. त्याला खालून थर ४ आणि वरून थर २ यांच्यामध्ये धरायचं. तो पुराचा गाळ असेल तर एका पावसाळ्यातही साचला असू शकतो. थराची जाडी म्हणजे काळाची लांबी नव्हे.

जिथे कार्बन-१४ हात टेकतो

वक्र सगळीकडे सारखा उतरत जात नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या चारशे वर्षांत तो जवळपास आडवा आहे. त्या काळातले बहुतेक नमुने ढोबळमानाने २४०० ते २५५० बीपी असंच वय देतात. उदाहरणार्थ २४८० ± ३० या तारखेचा पट्टा ढोबळपणे इ.स.पू. ७७० ते ४३० एवढा पसरतो. जोर्वे वस्त्या ओसरल्यानंतर पुन्हा लोखंडासह वस्ती कधी सुरू झाली, हा खान्देशातला खरा प्रश्न नेमका याच टप्प्यात येतो. यंत्र आणखी अचूक करूनही इथे फार काही हाती लागत नाही. इथे खापरांचे प्रकार, नाणी, आणि थरांचा काटेकोर क्रम यांनाच पुढे करावं लागतं. क्रमाने घेतलेल्या अनेक तारखा OxCal मध्ये थरांच्या क्रमासह एकत्र बसवल्या तर पट्टा थोडा आवळतो, पण त्यासाठीही आधी छेद बरोबर वाचलेला हवा.

जुने अहवाल वापरताना

ग्रंथालयात जे अहवाल मिळतील त्यांतल्या तारखा सरळ उचलून आजच्या तारखांशेजारी मांडू नका. प्रकाश्याचं उत्खनन झालं तेव्हा देशात कार्बन-१४ ची प्रयोगशाळाच नव्हती, तिथला काळ खापरांच्या तुलनेवरून ठरवला गेला. पुढच्या दशकांतल्या तारखांपुढे TF असं लिहिलेलं दिसलं तर ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, PRL असेल तर अहमदाबादची, BS असेल तर लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतली. बऱ्याच ठिकाणी इ.स.पू. लिहिलेलं असतं, पण ती नुसती वजाबाकी असते, कॅलिब्रेशन म्हणजे वक्राशी ताडणं नसतं. काही तारखा ५७३० च्या अर्धायुष्याने मांडलेल्या असतात. अशा तारखेचं बीपी वय १.०३ ने भागलं की लिबींच्या अर्धायुष्यावरचं रूढ वय मिळतं, आणि तेच OxCal मध्ये टाकायचं. तुमच्या स्वतःच्या तक्त्यात प्रत्येक तारखेसमोर प्रयोगशाळेचा क्रमांक, नमुना काय होता, थर, बीपी वय ± सह, वापरलेल्या वक्राचं नाव आणि ९५ टक्क्यांचा पट्टा, एवढे सगळे रकाने ठेवा.